खोक्यापासून पिनांपर्यंत

डहाणू रोड स्टेशनबाहेरची दुकाने असोत की तलासरीचा नाका, मनगटी घड्याळ विकत घेताना गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारते: "दादा, ओरिजनल आहे ना?" या प्रश्नाला दुकानदाराची उत्तरे ठरलेली असतात. "फर्स्ट कॉपी आहे", "मास्टर कॉपी आहे", "सेव्हन ए आहे", "कस्टमचा माल आहे". पहिली तीन उत्तरे त्यांच्या परीने प्रामाणिक म्हणायची, कारण त्यांत माल नकली असल्याची कबुली आहे. चौथे तेवढे फसवे. कस्टमने पकडलेला अस्सल माल कोणी तरी हायवेच्या कडेला मातीमोल भावाने विकतो, ही गोष्ट ऐकायला छान वाटते आणि तेवढ्यावर बरेच पैसे हात बदलतात.

ही पुस्तिका स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड न उघडता, फक्त हातात घेऊन आणि नीट बघून नकली ओळखण्याविषयी आहे. त्यासाठी चार जागा निवडल्या आहेत: पट्ट्याचे बक्कल, चार्जिंगच्या पिना, काचेची कड आणि खोक्यावरची छपाई. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलांना ती उपयोगी पडेलच, पण लिहिताना डोळ्यांसमोर होता तो जुने घड्याळ विकत घेणारा माणूस. नव्या कोऱ्या वस्तूला निदान दुकान असते, पाटी असते. जुन्या वस्तूला फक्त विकणाऱ्याचा शब्द असतो.

नकली म्हणजे काय ते आधीच ठरवलेले बरे. हलक्या किमतीचे, स्वतःच्या वेगळ्या नावाने विकले जाणारे घड्याळ नकली नसते. ते फार तर सुमार असते. दुसऱ्याचे नाव, चिन्ह किंवा खोके वापरून विकलेले ते नकली. नाव न छापता केवळ रूप उचलणारे बाजारात पुष्कळ आहे, आणि ते या दोहोंच्या मधले. त्याचा निर्णय कायद्यावर सोडू. आपल्याला एवढेच बघायचे आहे की ज्या नावाने वस्तू विकली जाते आहे, ती त्याच नावाची आहे का.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात या प्रश्नाला एक खास पदर आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. मुंबईत सीएसएमटीजवळच्या मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्यातून घेतलेला माल त्याच दिवशी पिशवीतून इथे पोचू शकतो. दुसऱ्या बाजूला अहमदाबाद हायवे तलासरीवरून आच्छाडला गुजरातला लागतो, आणि आपली कितीतरी माणसे उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत रोज कामाला जातात. घड्याळ घेतले वापीला, बिघडले तलासरीला, असे सर्रास होते. म्हणून बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय इथे असायला हवी. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात, २६ म्हणजे दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. वापीच्या दुकानाने २७ ने सुरू होणारा क्रमांक दिला असेल, तर ते बिल नेमके कोणाचे आहे असे विचारायला हरकत नाही. बिल खरे असले की राज्याची हद्द आड येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. बिलच नसेल तर मात्र तक्रार उभी करणे अवघड जाते. मग डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

आता त्या चार जागा. त्यांना एकच वजन द्यायचे नाही, ही या पुस्तिकेतली मुख्य गोष्ट. नक्कल करणारा कारखानदार हिशेबी माणूस असतो. जी गोष्ट स्वस्तात हुबेहूब करता येते ती तो हुबेहूब करतो, आणि जिला खर्च येतो तिथे हात आखडतो. खोके छापायला फारच थोडा खर्च येतो, पट्ट्याला त्याहून जरा जास्त. पडदा महाग. पिनांची जागा तर आतल्या सर्किटशी बांधलेली, ती बदलायची म्हणजे सगळा साचाच बदलायचा. म्हणून गिऱ्हाईक ज्या क्रमाने वस्तू बघते, म्हणजे खोके, पट्टा, काच आणि शेवटी पाठ, त्याच क्रमाने पुराव्याचे वजन वाढत जाते. सगळ्यात कच्चा पुरावा आधी हाती येतो आणि बहुतेक जण तेवढ्यावरच पैसे काढतात.

खोक्यावरच्या चिन्हाकडे बघण्यात फारसा अर्थ नाही. अक्षरलेखनाच्या चुका मात्र अजूनही सापडतात. फायर-बोल्टच्या इंग्रजी नावात शेवटी दोन टी आहेत, नकलेत एक गळतो. बोटच्या नावात चारांपैकी फक्त ए मोठा असतो. पण शहाणा नक्कलखोर अशा चुका करत नाही. तो अस्सल खोके आणतो, स्कॅन करतो आणि पुन्हा छापतो. नेमका तिथेच तो सापडतो. अस्सल खोक्यावरचा बारीक काळा मजकूर सहसा एकाच काळ्या शाईत छापलेला असतो, त्यामुळे भिंगाखाली अक्षराची कड स्वच्छ दिसते. स्कॅन करून छापलेले खोके म्हणजे एक चित्र असते. त्यातली अक्षरेसुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांनी बनतात, आणि कडेला त्या ठिपक्यांची झालर दिसते. याला दहापटीचे भिंग पुरते. चिंचणी, वरोर, वाणगावच्या बाजूला दागिन्यांच्या डाय कोरणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याकडे असे भिंग घरोघरी मिळेल. पोलादावर केसाएवढी रेघ कोरणाऱ्याला ठिपक्यांची अक्षरे दाखवा, तो दुसऱ्यांदा बघणारही नाही.

खोक्याच्या मागच्या लेबलावर कायद्याने काही मजकूर लागतोच. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे तिथे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, माल आयातीचा असेल तर मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असावा लागतो. त्याखेरीज स्मार्टवॉचला बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, बहुधा आयएस १३२५२ (भाग १), नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८ चाही असू शकतो. चिन्हाच्या खाली R- आणि पुढे आठ आकडे. हे आकडे बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये घालता येतात. नोंद सापडली की अनेकांचे समाधान होते, पण खरी तपासणी तिथून सुरू होते. नकली खोक्यावरचा क्रमांक पुष्कळदा खराच असतो, फक्त दुसऱ्या कोणाचा. अॅप त्या क्रमांकासमोर कोणता कारखाना, कोणती वस्तू आणि कोणता ब्रँड दाखवते ते वाचायचे. घड्याळाच्या खोक्यावरचा क्रमांक चार्जरच्या कारखान्याचा निघाला, तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.

खोक्याची याहून सोपी आणि अधिक पक्की परीक्षा म्हणजे दुकानदाराकडे त्याच मॉडेलचे दुसरे खोके मागणे. सिरियल नंबर प्रत्येक नगाचा वेगळा असतो. नकली खोकी एकाच चित्रावरून हजारोंनी निघतात, त्यामुळे दोन्हींवर तोच नंबर सापडतो. खोके एकच असेल तर त्यावरचा नंबर घड्याळाच्या सेटिंगमधल्या माहितीशी ताडून बघता येतो. तो जुळणे हा अस्सलपणाचा दाखला नव्हे. न जुळला तर खोके आणि वस्तू एकमेकांचे नाहीत एवढे मात्र नक्की, कारण खोके अस्सल आणि आतली वस्तू नकली किंवा उलट असेही विकले जाते.

पट्ट्याविषयी थोडक्यात. अस्सल पट्ट्याच्या बक्कलवर नाव असेल तर ते बहुधा लेझरने कोरलेले किंवा साच्यातूनच उमटलेले असते, नखाने घासून जात नाही. नकलेवर ते शाईने छापलेले असते आणि घामाने आठवड्याभरात पुसट होते. काटा बक्कलच्या खाचेत मधोमध बसतो की एका बाजूला झुकतो, ते बघावे. पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवावे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्रत्येक पट्ट्याला रेघ असते, पण चांगल्या साच्यातली रेघ बोटाला लागत नाही. नकलीत रबराचा पापुद्रा बाहेर आलेला लागतो. बटणाच्या पट्ट्यात, म्हणजे फिटनेस बँडच्या पट्ट्यात, बटण भोकात बसताना अडते का ते बघायचे. ढिले बटण चिकूच्या वाडीत चढताना-उतरताना सुटते आणि बँड पाचोळ्यात कायमचा जातो.

टायटॅनियमचे बक्कल असल्याचा दावा असेल तर छोटे लोहचुंबक लावून बघावे. ते चिकटले तर टायटॅनियम नव्हे, हे नक्की. चिकटले नाही तर काहीच ठरत नाही, कारण जस्ताचा मिश्रधातू आणि बरेचसे स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. पट्ट्याच्या पुराव्याला एकूणच मर्यादा आहे. तो सगळ्यात आधी तुटतो आणि सगळ्यात आधी बदलला जातो. जुन्या अस्सल घड्याळाला बाजारातला दीडशे रुपयांचा पट्टा असणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून नव्या वस्तूत बक्कलला मत असू द्यावे, जुन्या वस्तूत ते काढून घ्यावे.

काचेच्या कडेत मात्र पैसा दडलेला असतो. बंद घड्याळाची काच संपूर्ण काळी दिसते आणि पडदा जणू कडेपर्यंत भिडला आहे असे वाटते. चालू केल्यावरही आधीपासून लावलेली तबकडी काळ्या पार्श्वभूमीचीच असते, कारण काळ्यावर काळी चौकट दिसत नाही. ही युक्ती अस्सल स्वस्त कंपन्याही वापरतात, आणि खोक्यावरचे चित्र तर सगळ्यांचेच कडेपर्यंत पेटलेले असते, म्हणून त्यावरून रागवायचे कारण नाही. आपण फक्त पांढरी तबकडी लावायची. सेटिंगमध्ये कुठे तरी पांढरी सापडतेच, नाही तर टॉर्चचा पर्याय असतो. पांढऱ्या उजेडात पडदा खरोखर केवढा आहे ते उघडे पडते. मग साधी मोजपट्टी घेऊन पेटलेल्या भागाचा कर्ण मोजायचा आणि कंपनीने सांगितलेल्या इंचांशी ताडायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एवढेच गणित.

दुसरी परीक्षा अंधारात. अॅमोलेड पडद्यात काळा भाग म्हणजे विझलेला भाग. तिथे उजेडच नसतो. स्वस्त टीएफटी पडद्यात मागचा दिवा सतत जळत राहतो, त्यामुळे काळा भाग राखाडी उजळतो आणि पडद्याची खरी चौकट अंधारात आपोआप दिसते. अॅमोलेड म्हणून विकलेला पडदा असा राखाडी उजळला, तर तो अॅमोलेड नाही. शेवटी काच आणि अंग यांच्या मधली फट चारी बाजूंनी सारखी आहे का, कोपऱ्यात गोंद ओघळून चमकतो आहे का, हे बघावे. इथे एक सावधगिरी हवी. फुटलेली काच बदलून घेतलेल्या अस्सल घड्याळातही फट वाकडी आणि गोंद ओघळलेला असतो. फट दुरुस्तीनेही बिघडते, पण पेटलेल्या भागाचे माप सहसा दुरुस्तीने बदलत नाही. म्हणून मोजपट्टीचे ऐकावे.

आता पिना. खरे तर घड्याळाच्या पाठीवर असतात त्या धातूच्या सपाट टिकल्या, आणि स्प्रिंगच्या पिना असतात चार्जरमध्ये. पण बाजार दोन्हींना पिनाच म्हणतो, आपणही म्हणू. पिना किती, कुठे आणि एकमेकींपासून किती अंतरावर, हे प्रत्येक मॉडेलचे ठरलेले असते. नक्कल करणारा स्वतःचा तयार सर्किटबोर्ड वापरतो आणि वरून दुसऱ्याचे रूप चढवतो, त्यामुळे पिना त्याच्या बोर्डाच्या सोयीने येतात. अॅपल वॉचच्या कुठल्याही मॉडेलला चार्जिंगच्या पिना कधीच नव्हत्या. ते पाठीला चिकटणाऱ्या गोल चकतीवरून बिनतारी चार्ज होते. सॅमसंगची गॅलेक्सी वॉच मालिकाही बिनतारीच. तेव्हा नारिंगी बटणाचे झकास 'अल्ट्रा' कोणी पुढे केले तर ते उलटे करावे. पाठीवर दोन पिना दिसल्या की बक्कल, काच, खोके काहीही बघायची गरज उरत नाही. उलटे विधान मात्र खरे नाही. बिनतारी चार्जिंगच्या नकलाही बाजारात आहेत, म्हणून पिना नाहीत एवढ्यावरून घड्याळ अस्सल ठरत नाही.

पिनांविषयी सरसकट नियम करता येत नाहीत, मॉडेल माहीत असावे लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पट्टा उपसला की आतून यूएसबीचे टोक निघणारे बँड. शाओमीचा मी बँड म्हणून असा बँड विकला जात असेल तर तो नकली, कारण भारतात विकल्या गेलेल्या कुठल्याही मी बँडला असे टोक नव्हते. चौथ्या मॉडेलपर्यंत बँडची गोळी छोट्या चार्जिंगच्या खोबणीत बसवावी लागे आणि पाचव्यापासून चुंबकी चार्जर आला. पण २०२० मध्ये रिअलमीने आपला पहिला बँड आणला, तो अस्सल असूनही थेट यूएसबीत खुपसायचा होता. तेच टोक एका नावाखाली फसवणूक ठरते आणि दुसऱ्या नावाखाली ती कंपनीची रचना असते.

पिनांचा रंग मात्र पुरावा धरू नये. हिरव्या किंवा काळ्या पडलेल्या पिना बघून "डुप्लिकेट" म्हणणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात घाम, आणि ओले घड्याळ तसेच चार्जिंगला लावायची सवय. ओल्या मिठावरून वीज वाहिली की अस्सल सोनेरी मुलामाही खाल्ला जातो. बघायचे ते वेगळेच. दोन्ही पिना पाठीच्या पृष्ठभागाशी सारख्या उंचीच्या आहेत का, भोवतालच्या प्लास्टिकमध्ये फट आहे का, आणि लाकडी टूथपिकने हलके दाबल्यावर पीन हलते का. (लोखंडी टाचणी वापरू नये, दोन पिना एकमेकींना जोडल्या जाण्याचा धोका असतो.) हलणाऱ्या पिनेतून पाणी आत जाते. पाण्यात चालेल असे छापलेले नकली बँड पहिल्याच पावसात मरतात, ते बहुधा याच वाटेने.

आता हे सगळे एका वस्तूवर चालवून बघू. तलासरी तालुक्यातला, उंबरगावला कारखान्यात जाणारा एक तरुण हायवेवर मी स्मार्ट बँड ६ म्हणून दोन बँड घेतो, एक स्वतःला आणि एक बहिणीला, प्रत्येकी नऊशे रुपयांना. बिल नाही. हा बँड भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये ३,४९९ रुपयांना आला होता आणि नंतर कंपनीने पुढची मॉडेले आणली. म्हणजे जुना साठा म्हणून नऊशे ही किंमत अगदीच अशक्य वाटत नाही. फसवणुकीला अशीच किंमत लागते, खूप कमीही नाही आणि खरीही नाही.

दोन खोकी शेजारी ठेवली तर सिरियल नंबर तोच. तेवढ्यावर थांबता आले असते, पण विकणारा "खोकं बदललं असेल, माल खरा आहे" असे म्हणतो आणि ते म्हणणे तोंडावर फेटाळता येत नाही. पट्ट्याचे बटण भोकात सैल आहे आणि कडेला पापुद्रा लागतो. पट्टा बदललेला असू शकतो, म्हणून तेही बाजूला. आता पांढरी तबकडी. अस्सल मी बँड ६ चा पडदा १.५६ इंचांचा आहे, म्हणजे कर्ण जवळजवळ ४० मिलिमीटर, आणि तो गोळीच्या आकारात वर-खाली गोलाकार भरतो. इथे गोळीच्या आकाराच्या काचेखाली सरळ कोपऱ्यांचा छोटा आयत पेटतो आणि मोजपट्टीवर साधारण २४ मिलिमीटर भरतो. हे ०.९६ इंचांच्या टीएफटी पडद्याचे माप आहे. बाजारात एम५, एम६ अशा नावांनी जे बँड फिरतात त्यांत हाच पडदा असतो. अंधारात तो राखाडी उजळतोच. काच कितीही बदला, ४० चे २४ होत नाहीत.

पाठीवर दोन पिना आहेत, आणि अस्सल मी बँड ६ लाही दोनच असतात. इथे नुसती मोजणी फसवते. अशा वेळी कोणाचा तरी अस्सल चार्जर उसना आणावा. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मी बँडचा चार्जर एकच असल्याने तो गावात सापडतो. तो जवळ नेल्यावर चुंबकाने आपोआप जागेवर बसला पाहिजे. सरकत असेल, तिरका बसत असेल, तर दाबून धरू नये. पिनांवर थेट पाच व्होल्ट असतात आणि चुकीच्या जागी टेकले तर बोर्ड जळतो, मग नकली ठरवायलाही काही उरत नाही.

शेवटी बॅटरी. अस्सलमध्ये १२५ मिलिअँपिअर-तासांची असते. बँड पूर्ण उतरू द्यावा आणि चार्जर यूएसबी मीटरमधून लावावा. समजा सरासरी ४५ मिलिअँपिअर प्रवाह एक तास वीस मिनिटे वाहून थांबला. ४५ ला १.३३ ने गुणले की ६० येतात. हे १२५ च्या निम्म्याहून कमी. पण हलके यूएसबी मीटर इतक्या कमी प्रवाहाला बरेच चुकतात आणि जुनी अस्सल बॅटरीही थकलेली असते. म्हणून हा आकडा आधीच्या पुराव्याला दुजोरा म्हणून घ्यावा, स्वतंत्र निकाल म्हणून नाही. मोबाइलचे ब्लूटूथ उघडल्यावर यादीत Mi Smart Band 6 ऐवजी M6 असे नाव येते आणि खोक्यावरचा क्यूआर कोड FitPro नावाचे अॅप उतरवायला सांगतो. एवढे झाल्यावर शंका राहत नाही.

नाडीच्या ठोक्यांचे काय, असे इथे कोणी तरी विचारणारच. बँड केळ्याला किंवा बाटलीला गुंडाळून ठोके दाखवतो का, ही परीक्षा मोबाइलवरच्या व्हिडिओंत फार लोकप्रिय आहे. ती सोडून द्यावी. चीनमध्ये लोकांनी अस्सल मी बँड टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला बांधला, तेव्हा त्यानेही ठोके दाखवले होते. हिरवा उजेड पृष्ठभागावरून परत येतो आणि त्यातल्या चढउतारात यंत्र ठोके शोधत बसते. त्यामुळे केळ्याचे ठोके दाखवणारा बँड नकली ठरत नाही, आणि न दाखवणारा अस्सलही ठरत नाही. नकली बँडच्या ठोक्यांवर किंवा ऑक्सिजनच्या आकड्यावर औषधपाण्याचा निर्णय घेऊ नये, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे. स्वस्त नकलांतल्या कित्येकांत नुसता हिरवा दिवा असतो आणि आकडा अंदाजाने येतो.

नकली ठरल्यावर काय करायचे, याचे प्रकरण पुस्तिकेत लहानच आहे. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खोक्यावर किंमत, आयातदार, महिना यांपैकी काही नसेल तर ती वैध मापन शास्त्र विभागाची बाब. नकली चिन्हासाठी १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्या कारवाया बहुतेक वेळा कंपनीच्या तक्रारीवरून होतात, नऊशे रुपये गेलेल्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून क्वचितच.

एक प्रकार असा आहे की ज्यात चारही जागा वेगवेगळे बोलतात: पट्टा बाजारातला, कडेला गोंद ओघळलेला, खोके नाहीच, पण पेटलेल्या भागाचे माप बरोबर, पिना मॉडेलप्रमाणे, अस्सल चार्जर झटक्यात बसतो आणि ब्लूटूथवर नाव बरोबर येते. ही वस्तू बहुधा अस्सलच असते, कोणी तरी दुरुस्त केलेली. ती परत पाठवायची गरज नसते, पण अस्सल आणि अखंड म्हणून तिची किंमतही द्यायची नसते. काच उघडून परत बसवली असल्याने पाण्याची हमी गेली असे धरावे, आणि तेवढे पैसे भावातून कापून मागावेत.